गव्हाणीतला दगड ओळखण्यासाठी सिम्युलेटरमधील चित्रे कशी तयार करावीत आणि खऱ्या छायाचित्रांत कशी मिसळावीत

प्रश्न: आमच्या चिकोडी भागातील साखर कारखान्यात उसाबरोबर दगड गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीकडे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, येतात आणि ऊस बारीक करणाऱ्या नाइफचे नुकसान होते. गव्हाणीवर कॅमेरा बसवला आहे, पण दोन हंगामांच्या चित्रणात दगड स्पष्ट दिसणारे प्रसंग जेमतेम साठ मिळाले. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकात उभारलेल्या कृत्रिम दृश्यात, दगडांची चित्रे तयार करून खऱ्या छायाचित्रांत मिसळली तर दगड ओळखणारे मॉडेल नीट शिकेल का? किती मिसळावीत?

उत्तर:

शिकेल, मात्र किती चित्रे मिसळावीत यापेक्षा कोणत्या प्रकारची मिसळावीत हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आपल्याकडे दगड नसलेली खरी छायाचित्रे हवी तेवढी आहेत आणि दगड असलेली फारच थोडी आहेत. अशा वेळी सहज सुचणारा मार्ग म्हणजे रिकाम्या गव्हाणीची सगळी छायाचित्रे खरी घ्यायची आणि दगडांची जवळजवळ सगळी चित्रे सिम्युलेटरमधून घ्यायची. हा मार्ग घातक आहे. संगणकाने रेखाटलेल्या चित्रात कडा अधिक रेखीव असतात, अंधाऱ्या भागात कॅमेऱ्याचा दाणेदारपणा नसतो आणि व्हिडिओ दाबून साठवताना उमटणारे बारीक चौकोनी ठोकळेही नसतात. दगड फक्त अशाच चित्रांत दिसत असेल, तर ‘दगड आहे’ आणि ‘चित्र रेखाटलेले आहे’ या दोन गोष्टींत फरक करण्याचे मॉडेलला काहीच कारण उरत नाही. ते दगडाचा आकार शिकण्याऐवजी गुळगुळीत कडा शिकते. प्रशिक्षणातील आकडे उत्तम दिसतात आणि हंगाम सुरू झाल्यावर खरा दगड डोळ्यांदेखत पुढे निघून जातो.

म्हणून पहिला नियम असा, की सिम्युलेटरमधील चित्रांत दगड नसलेली चित्रेही भरपूर हवीत आणि खऱ्या छायाचित्रांत दगड असलेली जितकी मिळतील तितकी हवीत. सिम्युलेटरच्या चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश चित्रे दगडाविना तयार करावीत, असे मी सुचवेन. मॉडेल आडवाटेने शिकते आहे का, हे तपासण्यासाठीही ती उपयोगी पडतात. प्रशिक्षणात न वापरलेली अशी काही रिकामी रेखाटलेली चित्रे मॉडेलला दाखवावीत. त्यांवर ते खऱ्या रिकाम्या छायाचित्रांपेक्षा कितीतरी अधिक वेळा ‘दगड’ म्हणत असेल, तर ते दगडाकडे नव्हे, चित्राच्या पोताकडे पाहत आहे हे निश्चित समजावे.

आता दृश्याची मापे पाहू. सिम्युलेटर उघडण्याआधी हा हिशेब कागदावर करणे आवश्यक आहे. उदाहरणापुरते असे धरू, की कॅमेऱ्याची चौकट १९२० × १०८० पिक्सेलची आहे आणि तिच्यात गव्हाणीच्या आडव्या दिशेने २.४ मीटर रुंदी मावते. म्हणजे एका मिलिमीटरला ०.८ पिक्सेल मिळतात आणि १० सेंटिमीटरचा दगड सुमारे ८० पिक्सेल रुंद दिसतो. तीच चौकट मॉडेलला देताना ६४० पिक्सेलपर्यंत आक्रसली, तर तो दगड २७ पिक्सेलचा होतो, आणि त्याचा अर्धा भाग पाचटाखाली असला तर त्याची ओळख पटवणे फार कठीण जाते. म्हणून चौकट आक्रसू नये. तिचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करून ते मॉडेलला द्यावेत. सिम्युलेटरमधील कॅमेराही याच उंचीवर, याच कोनात आणि याच भिंगाचा ठेवावा. तिथे दगड मोठे आणि स्पष्ट दाखवून प्रत्यक्षात मात्र लहान दगड ओळखण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

दृश्य उभारण्यासाठी ब्लेंडर हे त्रिमितीय रेखाटनाचे साधन आणि त्यावर चालणारे, चित्रे व लेबल आपोआप तयार करणारे ब्लेंडरप्रॉक ही दोन्ही साधने मोफत आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. उसाच्या कांड्या अडीच ते साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या, किंचित वाकड्या आणि पेरांची गाठ दिसेल अशा करून घ्याव्यात. दहा-बारा वेगवेगळ्या नमुन्यांच्या कांड्यांना निरनिराळे रंग आणि लांबी दिली की पुरते. पाचटासाठी लांब, पातळ, वळलेल्या पट्ट्या लागतात. पाचट वगळण्याचा मोह अनेकांना होतो, पण प्रत्यक्षात दगड झाकते ते पाचटच, त्यामुळे ते वगळून चालणार नाही. आपल्याकडे हाताने तोडलेल्या मोळीचा लांब ऊस आणि हार्वेस्टरने कापलेले वीतभर तुकडे, असे दोन्ही प्रकार येत असतील, तर दोन्हींची दृश्ये स्वतंत्र उभारावीत, कारण तुकड्यांच्या थरात दगड फार वेगळा दिसतो.

दगड उसावर हाताने ठेवू नये. ऊस, पाचट आणि दगड हे सगळे वरून एकत्र, कोणत्याही क्रमाने, भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार पडू द्यावेत. आपल्या काळ्या दगडाची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट असते, तर ऊस साधारण पाण्याइतकाच जड असतो. त्यामुळे दगड कांड्यांच्या फटींत घुसतो आणि अर्धवट दिसत पडून राहतो. गव्हाणीत तो तसाच येतो. पडण्याचे गणित करायला संगणकाला वेळ लागतो, म्हणून एकदा स्थिरावलेल्या दृश्याची प्रकाश, रंग, चिखल आणि कॅमेऱ्याचा किंचित हलता कोन बदलून पंधरा-वीस चित्रे काढावीत. ४०० दृश्यांतून प्रत्येकी १५ चित्रे घेतली की ६००० चित्रे होतात. मात्र त्यांतील खरे वैविध्य ४०० दृश्यांचेच आहे हे लक्षात ठेवावे. वेळ शिल्लक असेल तर चित्रे वाढवण्याऐवजी दृश्ये वाढवावीत.

दगडांच्या नमुन्यांबाबत मी थोडा आग्रही आहे. इंटरनेटवर मिळणारे तयार दगड वापरू नयेत. ते बहुधा नदीतले गोटे किंवा बागेतले शोभेचे दगड असतात. आपल्या कारखान्याला ऊस कोणत्या शिवारांतून येतो ते पाहून तिथले दगड गोळा करावेत. चिकोडी-अथणीच्या बाजूला काळा बेसाल्ट आहे, खानापूरच्या बाजूला तांबूस, छिद्रांचा जांभा आहे, तर गोकाकच्या परिसरात फिकट तांबड्या-पांढुरक्या वालुकाश्माचे तुकडे आढळतात. या तिन्ही दगडांचे रंग आणि पृष्ठभाग इतके भिन्न आहेत, की एकावर शिकलेले मॉडेल दुसऱ्याला ओळखेल असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक प्रकारचे दहा-पंधरा दगड घेऊन प्रत्येकाची सर्व बाजूंनी साठ ते ऐंशी छायाचित्रे काढावीत. मेशरूमसारख्या मोफत साधनाने त्यांवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. सिम्युलेटरमध्ये त्या प्रतिकृतीवर कोरड्या धुळीपासून ओल्या काळ्या चिखलापर्यंतचे लेप निरनिराळ्या प्रमाणात चढवावेत.

याच टप्प्यावर आणखी एक काम करायचे असते, आणि माझ्या मते संपूर्ण उपक्रमाचे यश त्यावरच अवलंबून आहे. गव्हाणीत दगडासारखे दिसणारे पण दगड नसलेले पदार्थ खूप असतात: काळ्या मातीचे ढेकूळ, मुळांसकट उपटून आलेला बुडखा, पाचटाचा ओला गोळा, चिखलाने माखलेले जाड कांडे. दगडांइतकेच हे पदार्थही सिम्युलेटरमध्ये घालावेत, पण त्यांना दगडाचे लेबल देऊ नये. ते घातले नाहीत, तर पिवळसर उसातला कोणताही काळा गोल डाग म्हणजे दगड एवढाच धडा मॉडेल घेते आणि पाऊस पडून गेलेल्या दिवशी प्रत्येक ढेकळाला गजर वाजतो. चार वेळा ढेकळासाठी गव्हाण थांबवावी लागली की पाचव्या वेळी कर्मचारी गजराकडे लक्ष देत नाहीत.

लेबल आपोआप मिळतात हा सिम्युलेटरचा मोठा फायदा आहे, पण त्यातच एक खाच आहे. दगड कुठे आहे हे संगणकाला नेहमीच ठाऊक असते, अगदी तो उसाखाली पूर्ण गाडलेला असला तरीही. अशा न दिसणाऱ्या दगडाभोवती चौकट काढली गेली, तर साध्या उसाला दगड म्हणायला आपणच मॉडेलला शिकवतो. यासाठी प्रत्येक दगड दोनदा रेखाटावा, एकदा पूर्ण दृश्यात आणि एकदा बाकी सर्व वस्तू लपवून, आणि दोन्हींतील पिक्सेलची संख्या ताडून पाहावी:

```python
visible = (seg_full == obj_id).sum()
alone = (seg_alone == obj_id).sum()
ratio = visible / max(alone, 1)

if ratio >= 0.25 and visible >= 400:
    label = "keep"
elif visible < 40:
    label = "none"
else:
    label = "drop_image"
```

दगडाचा किमान चतुर्थांश भाग आणि किमान ४०० पिक्सेल दिसत असतील तरच दगडाभोवतीची चौकट ठेवावी. जवळजवळ काहीच दिसत नसेल तर त्या दगडाचे लेबल काढून टाकावे. मधल्या संदिग्ध स्थितीतील चित्र सरळ वगळावे, कारण वस्तू ओळखणाऱ्या योलो या प्रचलित पद्धतीच्या नेहमीच्या लेबल-फायलीत ‘या भागाकडे दुर्लक्ष करा’ असे सांगण्याची सोय नसते. हे आकडे वर धरलेल्या कॅमेऱ्यापुरते आहेत. ठरवण्याची सोपी रीत अशी, की काही चित्रे कारखान्यातील अनुभवी माणसाला दाखवावीत आणि त्याला दगड दिसणे जिथे बंद होते तिथे मर्यादा ठेवावी.

चित्रे तयार झाली की ती थेट प्रशिक्षणाला देऊ नयेत. आपली खरी छायाचित्रे एच.२६४ पद्धतीने दाबलेल्या व्हिडिओतून आलेली आहेत, म्हणून रेखाटलेली चित्रेही त्याच वाटेने न्यावीत. त्यासाठी स्थिरावलेले दृश्य गव्हाणीच्या गतीने सरकवून दहा-बारा चौकटींची छोटी मालिका रेखाटावी, तिच्यावर कॅमेऱ्याचा दाणेदारपणा चढवावा, आपल्या कॅमेऱ्याच्या बिटरेटला व्हिडिओ करावा आणि त्यातून पुन्हा एक-दोन चौकटी काढून घ्याव्यात:

```
ffmpeg -framerate 25 -i frame_%04d.png -c:v libx264 -pix_fmt yuv420p -b:v 2M out.mp4
ffmpeg -i out.mp4 -vf "select=eq(n\,8)" -frames:v 1 train_img.png
```

सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली चित्रे एकामागून एक लावून व्हिडिओ केला तर हा परिणाम नीट साधत नाही, कारण ही पद्धत लगतच्या चौकटींतील साम्यावर बरीच अवलंबून असते. खरे आणि रेखाटलेले यांतील जो फरक मॉडेलला सर्वांत सहज हाती लागतो, तो या एका पायरीने बराच पुसला जातो. माझा अनुभव असा, की उसाचा पोत अधिक हुबेहूब करण्यात घालवलेल्या आठवड्यापेक्षा इथे घालवलेला एक दिवस अधिक फळ देतो.

प्रकाशाबाबत जितके वैविध्य देता येईल तितके द्यावे. रात्रपाळीचे दिवे, सकाळी शेडच्या फटीतून येणारे तिरपे ऊन, ओल्या उसावरची चमक, भिंगावर बसलेली धूळ हे सगळे बदलत राहावे. वन्यजीवांच्या कॅमेरा-ट्रॅप छायाचित्रांवर सारा बीरी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरिण हा दुर्मीळ वर्ग मानून नेमका असाच प्रयोग केला होता. सिम्युलेटरमधील चित्रांनी दुर्मीळ वर्गाच्या चुका लक्षणीय कमी होतात आणि चित्रांतील वैविध्य जितके अधिक तितका लाभ अधिक, असे त्यांना आढळले. त्यांचे काम वर्गीकरणाचे होते आणि आपल्याला जागाही दाखवायची आहे, पण वैविध्याचा मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो.

मिसळण्याआधी खऱ्या दगडांची छायाचित्रे वाढवण्याचा एक मार्ग सांगतो. साफसफाईसाठी गाळप थांबते तेव्हा गव्हाणीत ऊस तसाच असतो. त्या वेळी अभियंत्यांच्या परवानगीने, गव्हाणीचा वीजपुरवठा तोडून आणि स्विचला कुलूप लावून, मोजून आणलेले व क्रमांक घातलेले दगड उसात ठेवावेत, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्व दगड मोजून परत काढावेत. कुलूप आणि दगडांची मोजणी या दोन गोष्टींत तडजोड करू नये. अशा एका थांब्यात शंभराहून अधिक खऱ्या मांडण्या सहज मिळू शकतात. त्या नैसर्गिक नाहीत, पण कॅमेरा, ऊस आणि प्रकाश खरा आहे, त्यामुळे प्रशिक्षणासाठी त्या मोलाच्या आहेत. चाचणीसाठी मात्र त्या वापरू नयेत.

आता प्रमाण. आपले साठ प्रसंग हे साठ दगड आहेत. एकाच दगडाच्या वीस चौकटी असल्या तरी तो एकच प्रसंग मोजावा. तारखेनुसार विभागणी करून पहिले ३५ प्रसंग प्रशिक्षणाला द्यावेत आणि नंतरच्या तारखांचे २५ चाचणीसाठी बाजूला ठेवावेत. एकाच दिवसाच्या चौकटी दोन्हीकडे गेल्या तर चाचणी निरर्थक ठरते. प्रशिक्षणात सिम्युलेटरची ६००० चित्रे घ्यावीत, वेगवेगळ्या दिवसांच्या आणि पाळ्यांच्या सुमारे ४००० रिकाम्या खऱ्या चौकटी घ्याव्यात, आणि ३५ प्रसंगांच्या व मांडलेल्या दगडांच्या सर्व खऱ्या चौकटी घ्याव्यात. फोल्डर एकत्र करून सोडून देऊ नये. प्रत्येक बॅचमध्ये, म्हणजे मॉडेलला एका वेळी दिल्या जाणाऱ्या चित्रांच्या गटात, निम्मी चित्रे खरी आणि निम्मी रेखाटलेली येतील, आणि खऱ्या निम्म्यांत दगडाची काही छायाचित्रे असतीलच, अशी निवड करणारा कोड लिहावा. हे झाल्यावर शेवटी शिकण्याचा वेग दहापट कमी करून फक्त खऱ्या छायाचित्रांवर थोडा वेळ प्रशिक्षण द्यावे. जोनाथन ट्रेंब्ले आणि एनव्हिडियातील सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रस्त्यावरील मोटारी ओळखण्याच्या कामात हेच दाखवले होते. आधी रेखाटलेल्या आणि नंतर खऱ्या छायाचित्रांवर शिकलेले मॉडेल नुसत्या खऱ्या छायाचित्रांवर शिकलेल्या मॉडेलपेक्षा सरस ठरले.

६००० हा आकडा सुरुवातीचा आहे. १५००, ३०००, ६००० आणि १२००० अशा चार पायऱ्यांनी प्रशिक्षण करून प्रत्येक वेळी त्याच खऱ्या चाचणी-संचावर दोन गोष्टी पाहाव्यात: किती दगड सापडले आणि रिकाम्या गव्हाणीवर किती खोटे गजर वाजले. सापडणारे दगड वाढायचे थांबले आणि खोटे गजर वाढू लागले की तिथेच थांबावे. यासोबत एक सोपा पर्यायही जरूर तपासावा: खऱ्या दगडांची कापलेली छायाचित्रे खऱ्या रिकाम्या चौकटींवर चिकटवून केलेली चित्रे. हे काम दोन दिवसांचे आहे. त्याने तेवढाच परिणाम मिळत असेल, तर सिम्युलेटरवर महिने घालवू नयेत. अर्धवट झाकलेले दगड ओळखण्यात मात्र सिम्युलेटर पुढे राहील अशी माझी अपेक्षा आहे, कारण चिकटवलेल्या दगडावर पाचट नैसर्गिकपणे येत नाही.

चाचणीचे आकडे वाचताना संयम हवा. २५ पैकी २३ दगड सापडले तर ते ९२ टक्के होतात, पण इतक्या लहान संचावर खरे प्रमाण ७४ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणून २२ सापडलेले मॉडेल आणि २३ सापडलेले मॉडेल यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये. खोट्या गजरांचा हिशेब अधिक भरवशाचा असतो, कारण रिकाम्या चौकटी लाखांनी मिळतात. सेकंदाला दोन चौकटी तपासल्या तर दिवसाला १,७२,८०० चौकटी होतात. हजारात एक चूक म्हणजे दिवसाला सुमारे १७३ खोटे गजर, आणि ते कोणीही सहन करणार नाही. पण गव्हाण मिनिटाला ८ मीटर सरकते असे धरले आणि चौकटीत तिची १.३५ मीटर लांबी दिसत असली, तर एक दगड सुमारे दहा सेकंद, म्हणजे वीस चौकटी, समोर असतो. तेव्हा किमान पाच चौकटींत, गव्हाणीच्याच गतीने पुढे सरकणारी खूण मिळाली तरच गजर द्यावा. क्षणिक चमकीमुळे होणाऱ्या चुका यामुळे गळतात. ढेकळाच्या चुका मात्र गळत नाहीत, कारण ढेकूळही दगडासारखेच सरकत जाते. म्हणून मॉडेलची तुलना दर चौकटीच्या नव्हे, तर दर पाळीतील खोट्या गजरांवर करावी.

थराच्या आत दडलेला दगड कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही आणि तिथे चित्रे वाढवून काही साधत नाही. फीडर टेबलवरून ऊस गव्हाणीत घसरतो त्या जागी थर क्षणभर विरळ होतो, तिथे दुसरा कॅमेरा बसवल्यास अधिक दगड नजरेस पडतील. मात्र तिथे वस्तूंचा वेग जास्त असल्याने शटरचा कालावधी कमी ठेवावा लागेल, प्रकाश वाढवावा लागेल आणि त्या जागेची दृश्ये सिम्युलेटरमध्ये नव्याने उभारावी लागतील. लोखंडाचे तुकडे आपण सध्या वेगळे ठेवावेत. बहुतेक कारखान्यांत मिलच्या आधी चुंबक असतो आणि कोयता, ट्रॉलीची पिन, साखळी यांचे आकार दगडांपेक्षा इतके निराळे आहेत, की त्यांचा वर्ग आणि त्यांची चित्रे स्वतंत्र करणे योग्य ठरेल.

येत्या हंगामात पहिले काही आठवडे गजराने गव्हाण थांबवू नये. केवळ पडद्यावर खूण दाखवावी आणि पाळीवरील माणसाने ‘दगड’, ‘ढेकूळ’ किंवा ‘काही नाही’ यांपैकी एक कळ दाबावी. त्या नोंदी दर आठवड्याला खऱ्या संचात घालाव्यात. मॉडेलने सोडलेले दगडही कळावेत म्हणून नाइफपाशी सापडलेल्या प्रत्येक दगडाची वेळ लिहून ठेवावी आणि त्या वेळेच्या थोडे आधीचे चित्रण काढून पाहावे. खरे प्रसंग दीड-दोनशेच्या पुढे गेले की बॅचमधील रेखाटलेल्या चित्रांचा वाटा निम्म्यावरून चतुर्थांशावर आणून पुन्हा तीच चाचणी घ्यावी.